२५ डिसेंबरच का? आणि एपिफनीपर्यंतचे बारा दिवस नक्की कुठून मोजायचे?

उत्तरा

सध्या चर्चच्या सुरुवातीच्या शतकांबद्दल वाचते आहे आणि एका साध्या हिशेबावर अडकले आहे. नाताळ २५ डिसेंबरला, एपिफनी म्हणजे प्रकटीकरणाचा सण ६ जानेवारीला, आणि मधले ते 'नाताळचे बारा दिवस'. २५ पासून मोजलं तर बारा दिवस ५ जानेवारीला संपतात आणि ६ तारीख तेरावी येते. २६ पासून मोजलं तर ६ तारीख बरोबर बारावी येते, पण मग खुद्द नाताळचा दिवसच बारा दिवसांच्या बाहेर पडतो. दोन्ही प्रकारे छापलेलं सापडतं, आणि दोघंही ठामपणे सांगतात.

दुसरा प्रश्न याच्याही आधीचा. चारही शुभवर्तमानांत येशूच्या जन्माची तारीख नाही. मग २५ डिसेंबर आला कुठून? 'रोमन लोकांचा सॅटर्नेलिया होता, तोच चर्चने उचलला' हे वाक्य सगळीकडे दिसतं, पण त्याला आधार काय ते कुणी सांगत नाही. इथे जाणकार आहेत म्हणून विचारते.

मिलिंद_ख

सोपं आहे. कॅलेंडर दोन होती. १५८२ मध्ये पोप ग्रेगरी तेरावे यांनी ज्यूलियन कॅलेंडर सुधारलं, मधले दिवस वगळले. ज्यांनी नवं कॅलेंडर घेतलं त्यांचा नाताळ २५ डिसेंबरला, ज्यांनी घेतलं नाही त्यांचा ६-७ जानेवारीला. दोन नाताळांमधली जी फट उरली तेच बारा दिवस. आर्मेनियन चर्च अजून ६ जानेवारीलाच जन्मोत्सव करतं, हा त्याचा धडधडीत पुरावा.

जुनीपोथी

मिलिंद, ज्यूलियन-ग्रेगोरियन फरकाबद्दल तुम्ही लिहिलंत ते रशियन किंवा सर्बियन नाताळाला लागू आहे. तो ७ जानेवारीला येतो तो ह्याच कारणाने. पण बारा दिवसांचा त्याच्याशी काही संबंध नाही, कारण ६ जानेवारीचा सण त्या सुधारणेपेक्षा हजार-बाराशे वर्षांनी जुना आहे. अम्मिआनस मार्केलिनस हा रोमन इतिहासकार लिहितो की इसवी सन ३६१ च्या जानेवारीत ज्यूलियन (कॅलेंडरवाला सीझर नव्हे, पुढे सम्राट झालेला) गॉलमध्ये व्हिएन शहरी असताना एपिफनीच्या दिवशी चर्चमध्ये गेला होता. त्याच्याही आधी, साधारण इ. स. २०० च्या सुमारास, अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट सांगतो की बॅसिलिडीसच्या पंथातले लोक येशूच्या बाप्तिस्म्याचा दिवस पाळतात, आणि त्यांच्यातले काही तो इजिप्तच्या तिबी महिन्याच्या ११ तारखेला पाळतात. ११ तिबी म्हणजे ६ जानेवारी.

तुमची गल्लत होण्यासारखी एक गंमतशीर जुळणी मात्र खरीच आहे. दोन कॅलेंडरांतला फरक स्थिर नसतो. १५८२ ला तो दहा दिवसांचा होता, १७०० नंतर अकरा, १८०० नंतर बारा, १९०० पासून तेरा. म्हणजे संपूर्ण एकोणिसाव्या शतकात जुन्या कॅलेंडरातला २५ डिसेंबर नव्यात नेमका ६ जानेवारीला यायचा. त्या शंभर वर्षांत कुणी मोजलं असतं तर तुमचं म्हणणं अचूक वाटलं असतं. पण आर्मेनियन चर्चचं ६ जानेवारी त्यातून आलेलं नाही. तिथे जन्म आणि बाप्तिस्मा हे दोन्ही एकाच दिवशी साजरे करायची पूर्वेकडची प्राचीन रीत शिल्लक राहिली आहे. ते त्यांच्या कॅलेंडरातलंही ६ जानेवारीच आहे. म्हणूनच जेरुसलेममधले आर्मेनियन, जे जुनं कॅलेंडर वापरतात, त्यांचा जन्मोत्सव आपल्या १९ जानेवारीला येतो, ६ ला नाही.

मोरपीस

पण बारा दिवस हे मागी लोकांच्या प्रवासाचे ना? तारा दिसला, ते निघाले, बाराव्या दिवशी बेथलेहेमला पोचले. मी लहानपणापासून हेच समजत आले आहे, आणि उत्तरा यांचा प्रश्न 'प्रवास कधी सुरू झाला' असाच मी वाचला.

मार्था

मोरपीस, मत्तयाच्या शुभवर्तमानात प्रवासाचे दिवस दिलेले नाहीत. मागी तिघे होते हेही तिथे नाही, भेटी तीन होत्या एवढंच आहे. उलट हेरोदाने 'दोन वर्षांची व त्याहून लहान' मुलं मारायला सांगितली, आणि ती मर्यादा मागी लोकांकडून तारा कधी दिसला ते विचारून घेऊन ठरवली, असं तिथे म्हटलंय. म्हणजे मत्तयाच्या मनात बारा दिवसांचा हिशेब असणं कठीण. पश्चिमेकडच्या चर्चने ६ जानेवारीला मागींच्या भेटीची आठवण ठेवली, त्यामुळे ही समजूत रुजली. पूर्वेत त्याच दिवशी यार्देनेतला बाप्तिस्मा आठवतात, पाण्याला आशीर्वाद देतात. तारीख एकच, पण प्रसंग वेगळे.

उत्तरा

मग ६ जानेवारी पूर्वेकडचा आणि २५ डिसेंबर पश्चिमेकडचा, असं समजायचं का? जुनीपोथी, २५ चा सगळ्यात जुना लेखी पुरावा कोणता?

जुनीपोथी

हो, मुळात तसंच. लेखी पुरावा रोमचा आहे. इ. स. ३५४ मध्ये एका श्रीमंत ख्रिस्ती गृहस्थासाठी फिलोकॅलस नावाच्या सुलेखनकाराने एक देखणं हस्तलिखित केलं. त्यात सरकारी कॅलेंडर, कॉन्सलांच्या याद्या, रोमच्या बिशपांच्या आणि हुतात्म्यांच्या पुण्यतिथींच्या याद्या, असं पुष्कळ काही एकत्र बांधलं आहे. हुतात्म्यांच्या यादीची पहिलीच नोंद अशी: जानेवारीच्या कॅलेंड्सपूर्वी आठवा दिवस, ख्रिस्त यहुदियातल्या बेथलेहेमात जन्मला. तो आठवा दिवस म्हणजे २५ डिसेंबर.

हस्तलिखित ३५४ चं असलं तरी यादी ३३६ ची मानतात. ते कशावरून, हे सांगण्यासारखं आहे. शेजारचीच बिशपांची यादी डिसेंबरअखेरीपासून पुढच्या डिसेंबरपर्यंत तारखांच्या क्रमाने लावलेली आहे. बिशप सिल्व्हेस्टर ३३५ च्या ३१ डिसेंबरला वारले, त्यांचं नाव क्रमात आपल्या जागी आहे. त्यांच्यानंतरचे मार्कस ३३६ च्या ऑक्टोबरात वारले, पण त्यांचं नाव ऑक्टोबरच्या जागी नाही, यादीच्या शेवटी मागाहून जोडलेलं आहे. म्हणजे मूळ यादी ह्या दोन मृत्यूंच्या मधल्या काळात तयार झाली. दोन्ही याद्या एकाच धर्तीच्या, एकाच वेळच्या. तेव्हा ३३६ पर्यंत रोममध्ये २५ डिसेंबर ठरलेला होता, इतका की चर्चच्या वर्षाची यादीच तिथून सुरू व्हायची.

अवधूत

त्याच हस्तलिखितातलं दुसरं पानही सांगा ना. सरकारी कॅलेंडरात २५ डिसेंबरलाच 'अजिंक्याचा जन्मदिन' आणि त्यानिमित्त रथांच्या तीस शर्यती अशी नोंद आहे. अजिंक्य म्हणजे सूर्यदेव, सोल इन्व्हिक्टस. सम्राट ऑरेलियनने २७४ मध्ये रोममध्ये त्याचं मोठं मंदिर बांधलं. सॅटर्नेलिया नाही, तर सूर्याचा सण. चर्चने तो दिवस घेतला, यात मला तरी काही शंका वाटत नाही.

जुनीपोथी

सॅटर्नेलिया बाद, यावर आपण एकमत आहोत. तो १७ डिसेंबरला सुरू व्हायचा आणि लांबवला तरी २३ ला संपायचा. २५ ला त्याचा काही भाग नव्हता.

सूर्याच्या सणाबद्दल मी इतकी खात्री बाळगणार नाही. ऑरेलियनने मंदिर बांधलं हे पक्कं, पण २५ डिसेंबरला सण सुरू केला असं सांगणारा त्याच्या काळातला एकही मजकूर नाही. त्या तारखेला अजिंक्याचा सण असल्याचा पहिला पुरावा हेच ३५४ चं हस्तलिखित. म्हणजे सूर्याचा आणि ख्रिस्ताचा, दोन्ही दिवस एकाच बांधणीच्या दोन पानांवर प्रथम भेटतात, आणि ख्रिस्ताचं पान १८ वर्षांनी जुनं. शिवाय ह्याच कॅलेंडरात सूर्याचे खेळ ऑक्टोबरातही आहेत, १९ ते २२ तारखांना, आणि शेवटच्या दिवशी छत्तीस शर्यती. सूर्याचा सगळ्यात मोठा सण हवा असता तर तो तिथे होता. कुणी कुणाची तारीख घेतली हे ह्या नोंदींवरून ठरत नाही.

खगोलवेडा

इथे एक भर घालतो, कारण 'सूर्याचा सण की नाही' यापेक्षा 'सूर्याची कोणती तारीख' हे पाहणं मला जास्त उपयोगी वाटतं. आज दक्षिणायन संपून सूर्य उत्तरेकडे वळतो तो २१-२२ डिसेंबरला. रोमन परंपरेत मात्र त्याची ठरलेली तारीख २५ डिसेंबर होती. प्लिनीही तीच देतो. तशाच चारही ऋतुबिंदूंच्या तारखा ठरलेल्या: वसंत संपात २५ मार्च, सर्वात मोठा दिवस २४ जून, शरद संपात २४ सप्टेंबर, सर्वात लहान दिवस २५ डिसेंबर. कधी २४, कधी २५ असं का, हा प्रश्न पडेल. रोमन लोक महिन्याच्या तारखा आपल्यासारख्या चढत्या मोजत नसत. पुढच्या महिन्याच्या पहिल्या दिवसापर्यंत, म्हणजे कॅलेंड्सपर्यंत, किती दिवस उरले ते मोजत, आणि दोन्ही टोकं धरून मोजत. २५, २६, २७, २८, २९, ३०, ३१ आणि १ जानेवारी, झाले आठ. म्हणून २५ डिसेंबर हा 'कॅलेंड्सपूर्वी आठवा'. जूनला आणि सप्टेंबरला तीसच दिवस, म्हणून तिथे तोच आठवा दिवस २४ तारखेला येतो. चारही ऋतुबिंदू एकाच नावाच्या दिवशी!

चौथ्या शतकापर्यंत खऱ्या आकाशात ही वळणं तीन-चार दिवस आधी सरकली होती, कारण ज्यूलियन वर्ष खऱ्या सौरवर्षापेक्षा जवळपास अकरा मिनिटांनी मोठं आहे. पण परंपरेतली तारीख हलली नाही. त्यामुळे नाताळ ज्या दिवशी बसवला तो आकाशातला नव्हे, कागदावरचा लहान दिवस होता.

उत्तरा

वा! बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा जन्मदिवस २४ जूनला असतो ना? त्याचंही हेच?

जुनीपोथी

अगदी हेच. आणि तिथून दुसऱ्या उपपत्तीत शिरता येतं, जी मला जास्त पटते. लूकच्या पहिल्या अध्यायात देवदूत गब्रीएल मरीयेला संदेश देतो तेव्हा अलीशिबेला 'सहावा महिना' चालू असतो. म्हणजे योहान आणि येशू यांच्यात सहा महिन्यांचं अंतर. ही साखळी चार आठव्या दिवसांवर बरोब्बर बसते: योहानाची गर्भधारणा २४ सप्टेंबर, येशूची २५ मार्च, योहानाचा जन्म २४ जून, येशूचा २५ डिसेंबर.

आता २५ मार्चचं महत्त्व. लॅटिन भागातल्या ख्रिस्ती लेखकांत, तिसऱ्या शतकाच्या आरंभी टर्टुलियनपासून, येशूचा वधस्तंभावरचा मृत्यू २५ मार्चला झाला अशी समजूत होती. लुई द्युशेन या फ्रेंच अभ्यासकाने १८८९ मध्ये असं मांडलं की त्या काळच्या लोकांना असं वाटे की ख्रिस्ताचं आयुष्य पूर्णांकांत असणार, अर्धवट वर्ष असणार नाही. म्हणून ज्या तारखेला मृत्यू, त्याच तारखेला गर्भधारणा. २५ मार्चला गर्भधारणा, त्यापुढे नऊ महिन्यांनी २५ डिसेंबर. आणि पूर्वेत? आशिया मायनरमधले काही ख्रिस्ती लोक वल्हांडणाची तारीख ६ एप्रिल धरत. ६ एप्रिलनंतर नऊ महिन्यांनी येतो ६ जानेवारी. एकाच युक्तिवादातून दोन सण बाहेर पडतात. सूर्याच्या सणाची उपपत्ती ६ जानेवारीबद्दल असं काही सांगू शकत नाही.

अवधूत

सुंदर दिसतं हे, आणि म्हणूनच मला खटकतं. 'पूर्णांकी आयुष्य' असं म्हणणारा त्या काळातला मजकूर दाखवा. द्युशेनने स्वतः ही अटकळ म्हणून मांडली होती. २५ मार्च ही गर्भधारणेची आणि मृत्यूची एकच तारीख आहे असं स्पष्टपणे ऑगस्टीन लिहितो, पण तो पाचव्या शतकाच्या आरंभी, सण सुरू झाल्यावर किमान सत्तरएक वर्षांनी. सण आधी, हिशेब नंतर, असंही असू शकतं ना? २४३ सालच्या वल्हांडणाच्या गणनेवरच्या एका लॅटिन ग्रंथात तर जन्म २८ मार्चला दिला आहे, सूर्याची निर्मिती झाली तो दिवस म्हणून. तेव्हा तिसऱ्या शतकात एकच हिशेब सर्वमान्य होता असं मुळीच नाही.

जुनीपोथी

ही हरकत रास्त आहे आणि तिचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. क्लेमेंटनेही जन्माच्या तारखा म्हणून मे आणि एप्रिलमधले दिवस सांगितले आहेत, म्हणजे इ. स. २०० ला डिसेंबर कुणाच्या डोक्यात असल्याचं दिसत नाही. पण एक पाहा, ह्या सगळ्या तारखा कुणीतरी गणित करून काढलेल्या आहेत. २८ मार्चवालाही सूर्य कुठल्या दिवशी निर्माण झाला याचं गणित करतोय. त्या माणसांना तारखा मोजण्याचा ध्यासच होता. दुसऱ्यांचा सण पळवायची बैठक भरली असं चित्र ह्या मजकुरांतून उभं राहत नाही. सूर्याचं प्रतीक मात्र त्यांना प्रिय होतं, हे मी मान्य करते. सूर्याचा दिवस आणि हिशेबाचा दिवस एकच निघाला म्हणून तो पक्का झाला, इतपत मी जाईन.

आणि ऑगस्टीनचा हिशेब इथे देतेच, कारण उत्तराच्या पहिल्या प्रश्नाची किल्ली त्यात आहे. योहानाच्या शुभवर्तमानात यहुदी म्हणतात, हे मंदिर बांधायला ४६ वर्षं लागली. ऑगस्टीनच्या मते हे मंदिर म्हणजे ख्रिस्ताचं शरीर. तो ४६ ला सहाने गुणतो, २७६ येतात, आणि म्हणतो की २५ मार्चपासून २५ डिसेंबरपर्यंत इतकेच दिवस भरतात. आता आपण मोजू. मार्चचे उरलेले ६, एप्रिल ३०, मे ३१, जून ३०, जुलै ३१, ऑगस्ट ३१, सप्टेंबर ३०, ऑक्टोबर ३१, नोव्हेंबर ३०, डिसेंबरचे २५. बेरीज २७५. ऑगस्टीनचा एक जास्त का? कारण त्याने २५ मार्चही धरला. दोन्ही टोकं धरून मोजणं ही त्यांची नेहमीची पद्धत.

खगोलवेडा

आपणही बोलताना तेच करतो की. 'आज सोमवार, आठ दिवसांनी या' म्हटलं की समोरचा पुढच्या सोमवारीच येतो. सात दिवसांनी.

उत्तरा

म्हणजे २५ डिसेंबर हाच पहिला दिवस धरायचा! मग एपिफनी तेरावी.

मार्था

हो, आणि ह्याचा ताळा करायला एक खूण आहे. मी आमच्या चर्चमध्ये वाचकांचं वेळापत्रक लावते, तेव्हा ती कायम वापरते. लूक म्हणतो की आठ दिवस पूर्ण झाल्यावर बाळाची सुंता झाली आणि येशू हे नाव ठेवलं. चर्चमध्ये हा प्रसंग १ जानेवारीचा. २५ पहिला धरला तरच १ जानेवारी आठवा येतो. २६ पहिला धरला तर तो सातवा येईल आणि मेळ बसणार नाही. त्या हिशेबाने २६ स्तेफनाचा, म्हणजे दुसरा दिवस, २७ प्रेषित योहानाचा तिसरा, २८ हेरोदाने मारलेल्या निरपराध बालकांचा चौथा, १ जानेवारी आठवा, ५ जानेवारी बारावा. ५ तारखेची संध्याकाळ म्हणजे बारावी रात्र, आणि ती त्याच वेळी एपिफनीची पूर्वसंध्याही, कारण चर्चमध्ये मोठ्या सणाचा दिवस आदल्या संध्याकाळीच सुरू होतो. खरा घोळ ह्या संध्याकाळीमुळे होतो. एकच रात्र एकाला ५ तारखेची वाटते, दुसऱ्याला ६ ची.

माझी अडचण मात्र वेगळीच असते. १९६९ नंतरच्या रोमन कॅथलिक कॅलेंडरात, जिथे ६ जानेवारी सक्तीचा सण नाही तिथे एपिफनी २ ते ८ जानेवारीमधल्या रविवारी घेतात. २०२६ चा नाताळ शुक्रवारी आहे. त्यामुळे तसा रविवार ३ जानेवारी २०२७ ला येतो. २५ पासून मोजलं तर तो दहावा दिवस! बारा दिवस पुरे व्हायच्या आधीच एपिफनी. दरवर्षी कुणी ना कुणी मला विचारतं की उरलेले दोन दिवस कुठे गेले. मी सांगते, नाताळचा काळ काही तिथे संपत नाही, तो प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो.

परदेशी_पाखरू

मी स्वीडनमधल्या एका कंपनीबरोबर काम करते. तिथल्या कॅलेंडरात ६ जानेवारीच्या सुट्टीला 'तेरावा दिवस' असंच नाव आहे. आणि १३ जानेवारीला क्नूटचा दिवस, त्याला 'विसावा' म्हणतात, त्या दिवशी झाड काढून टाकतात. २५ पहिला धरून मोजून पाहिलं, दोन्ही जुळतात. पण इंग्लंडमध्ये त्याच ६ जानेवारीला जुन्या काळापासून 'बारावा दिवस' म्हणत आले, असं एका सहकाऱ्याने सांगितलं. मग इंग्रज चुकले म्हणायचं का?

जुनीपोथी

चुकले नाहीत, ते 'नाताळनंतरचा बारावा' मोजत होते. आल्फ्रेड राजाच्या कायद्यात, म्हणजे नवव्या शतकाच्या शेवटी, स्वतंत्र माणसांना वर्षभरात ज्या सुट्ट्या दिल्या आहेत त्यांत नाताळचे बारा दिवस आहेत. सुट्टीचे दिवस मोजायचे असतील तर २५ धरावा लागतो. अंतर मोजायचं असेल तर धरायचा नाही. २५ ते ६ यांतलं अंतर बारा, दोन्ही टोकं धरून दिवस तेरा. तिथे दोन्ही वापर शेजारी शेजारी राहिले, आणि म्हणून आजही भांडण होतं.

हे आकडे जुने लोक किती नीट जाणत होते ते पाहायचं असेल तर एफ्रेम सीरियन पाहा. हा चौथ्या शतकातला, त्याच्याकडे जन्माचा सण ६ जानेवारीला. त्याच्या जन्मोत्सवाच्या एका स्तोत्रात येतं की सूर्य वर चढायला लागून बारा दिवस झाले आणि आज तेरावा. बारा म्हणजे शिष्य, तेरावा ख्रिस्त. म्हणजे त्याने २५ डिसेंबरला सूर्याचं वळण धरलं, जन्म ६ ला, आणि मधल्या अंतराला अर्थ दिला. त्या प्रदेशात २५ डिसेंबरला नाताळ पोचलेलासुद्धा नव्हता! बारा-तेराचा हिशेब मात्र तयार होता.

अवधूत

आता हे मला महत्त्वाचं वाटतं. मग बारा दिवस कुणी 'ठरवले' कधी? मी वाचलंय की ५६७ मध्ये तूरच्या धर्मपरिषदेने नाताळ ते एपिफनी हा बारा दिवसांचा सण जाहीर केला.

जुनीपोथी

तूरची परिषद ५६७ ची, हे बरोबर. पण तो ठराव भिक्षूंच्या उपासाबद्दल आहे. डिसेंबरात नाताळपर्यंत रोज उपास करावा, आणि नाताळ ते एपिफनी रोजच सण असल्यामुळे त्या दिवसांत जेवावं, असं तो सांगतो. त्यातही जानेवारीच्या आरंभीचे तीन दिवस वगळतो, कारण तेव्हा लोक जुन्या रोमन नववर्षाचा धुमाकूळ घालत, त्याला उतारा म्हणून त्या दिवसांत प्रार्थना ठेवल्या होत्या. परिषद नवं काही जाहीर करत नाही, चालत आलेलं गृहीत धरते. 'बारा' हा आकडाही तिथे घातलेला नाही.

माझ्या मते बारा दिवस कुणी योजलेच नाहीत. रोमला २५ डिसेंबर, पूर्वेला ६ जानेवारी. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात दोघांनी एकमेकांचा सण घेतला. ग्रेगरी नाझियान्झसने ३८० च्या सुमारास कॉन्स्टंटिनोपलमध्ये जन्मोत्सवाचं प्रवचन दिलं. अंत्युखियात ३८६ च्या सुमारास योहान क्रिसोस्टोम लोकांना सांगतो की हा दिवस आपल्याला कळून दहा वर्षंही झाली नाहीत, पण पश्चिमेकडच्यांना तो आधीपासून ठाऊक आहे. मग तो जखऱ्याच्या मंदिरातल्या सेवेपासून महिने मोजत २५ डिसेंबर सिद्ध करून दाखवतो. त्यासाठी जखऱ्याला प्रमुख याजक आणि ती सेवा प्रायश्चित्ताच्या दिवसाची धरावी लागते. लूकमध्ये तो साधा याजक आहे, तेव्हा तो हिशेब टिकत नाही. पण लोकांना पटवायला हिशेबच लागत होता, हे त्यातून दिसतं. पूर्वेने २५ घेतला की ६ ला बाप्तिस्मा उरला, पश्चिमेने ६ घेतला की त्यावर मागी आले. मधले दिवस आपोआप सणाचे झाले. जेरुसलेमने मात्र सहाव्या शतकापर्यंत दाद दिली नाही, आर्मेनियाने आजवर नाही.

अवधूत

दोन सणांमधली उरलेली जागा, हे मान्य. रोममध्ये पहिल्यांदा २५ ला कुणी हात घातला आणि सूर्याकडे पाहून की कॅलेंडराकडे पाहून, यावर मी अजून माझ्याच बाजूला आहे. ३५४ च्या आधीचं एखादं पान सापडेपर्यंत हे असंच राहणार.

मिलिंद_ख

जुनीपोथी, तुमचं एकोणिसाव्या शतकाचं वाचून मी जुन्या कॅलेंडराचा हिशेब मांडून पाहिला. तिथेही बारा दिवस तसेच मोजायचे का? ७ जानेवारी पहिला धरला तर १८ बारावा, आणि १९ ला त्यांची एपिफनी. बरोबर?

जुनीपोथी

बरोबर. त्यांच्या कॅलेंडरात ते २५ डिसेंबर ते ५ जानेवारीच आहेत, फक्त आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात तेरा दिवस पुढे दिसतात. २१०० हे ग्रेगोरियन लीप वर्ष नाही, ज्यूलियन आहे. त्यामुळे त्या मार्चपासून फरक चौदा होईल, आणि २१०१ पासून जे अजून जुन्या कॅलेंडरावर असतील त्यांचा नाताळ ८ जानेवारीला आणि एपिफनी २० ला येईल. युक्रेनमधल्या ऑर्थोडॉक्स चर्चने २०२३ मध्ये बदल केला, त्यामुळे तिथे आता २५ डिसेंबर आणि ६ जानेवारी.

मोरपीस

आणि मागी मग कुठल्या दिवशी पोचले म्हणायचे?

मार्था

मत्तयाने 'घरात गेल्यावर' म्हटलंय, गोठ्यात नाही. त्यामुळे जन्माच्या रात्री नक्कीच नाही. लूकप्रमाणे चाळीस दिवसांनी मंदिरात नेलं तेव्हा आईवडिलांनी गरिबांचं अर्पण दिलं, पारवे किंवा होले. सोनं आधीच मिळालं असतं तर तसं कशाला दिलं असतं, म्हणून काही जण भेट त्याच्याही नंतरची धरतात. तारीख मात्र कुणालाच काढता आलेली नाही.